प्रोग्रेसिव्ह चष्म्याची चक्कर: सवयीची किती आणि फिटिंगची किती?

प्रश्न: वय ५१. आतापर्यंत फक्त वाचायला चाळीशी वापरत होतो, आता पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह चष्मा केलाय. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +१.००, जवळसाठी अ‍ॅड +२.००. आज बारावा दिवस. चालताना जमीन हलल्यासारखी वाटते, जिना उतरताना भीती वाटते. टीव्हीवरची अक्षरं हनुवटी जरा खाली घेतली की जास्त स्पष्ट दिसतात. दुकानात म्हणाले, "महिनाभर घाला, होईल सवय." थांबू की परत जाऊ?

उत्तर:

परत जा, आणि याच आठवड्यात जा. महिना पूर्ण व्हायची वाट बघू नका.

तुम्ही एका दमात दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत आणि दुकानात दोन्हींवर एकच उत्तर मिळालं. जमीन हलणं बहुतेक वेळा सवयीने जातं. हनुवटी खाली घेतल्यावर अक्षरं स्पष्ट होणं मात्र सवयीने जात नाही, कारण तिथे लेन्सचा चुकीचा भाग डोळ्यासमोर येत असण्याची दाट शक्यता आहे. मी चष्मे मोजण्या-बसवण्याचं काम बरीच वर्षं करते आहे, आणि "सवय होईल" या वाक्याखाली सगळ्यात जास्त दडपली जाणारी चूक म्हणजे फिटिंग हाइटची, म्हणजे लेन्स फ्रेममध्ये किती उंचीवर बसवायची त्या मापाची. म्हणून तिच्याबद्दलच जरा सविस्तर लिहिते. तुमचा चेहरा आणि फ्रेम माझ्यासमोर नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकूही शकतो. पण तो घरच्या घरी कसा पडताळायचा ते पुढे सांगते.

आधी जमीन का हलते ते बघू. प्रोग्रेसिव्ह लेन्समध्ये वरच्या भागात लांबचा नंबर असतो. तिथून खाली येताना नंबर हळूहळू बदलत जातो आणि तळाशी वाचायचा पूर्ण नंबर मिळतो. हा बदल ज्या अरुंद पट्ट्यात होतो त्याला कॉरिडॉर म्हणतात. पट्ट्याच्या मधोमध चित्र स्वच्छ असतं, पण डाव्या-उजव्या बाजूंना नको असलेला सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागू होणारा नंबर, तयार होतो आणि तिथे कडा पसरट, तिरप्या दिसतात. हा काही कंपनीचा दोष नव्हे. मिंकविट्झ नावाच्या गणितज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिलं की मध्यरेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने बाजूला हा सिलिंडर वाढतो. लेन्स कितीही भारी घेतली तरी तो पसरवता येतो, इकडे-तिकडे सरकवता येतो, काढून टाकता येत नाही. तुमची अ‍ॅड, म्हणजे वाचण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवलेला नंबर, +२.०० आहे, त्यामुळे बदल बऱ्यापैकी मोठा. ज्याची सुरुवात +१.०० अ‍ॅडपासून होते त्याला हे सोपं जातं. पन्नाशीनंतर पहिल्यांदा घालणाऱ्याला जास्त जाणवतं, त्यात तुमचं काही चुकत नाही.

आता मान फिरवली की काय होतं? आपण मान उजवीकडे वळवली तर डोळे आपोआप तेवढेच डावीकडे वळतात, म्हणून समोरचं चित्र स्थिर राहतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून हा संदेश येतो आणि डोळे किती वळवायचे याचा हिशेब मेंदूने वर्षानुवर्षं बसवलेला असतो. नवी लेन्स चित्र थोडं मोठं करते, आणि तेही प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं. जुना हिशेब चुकतो, चित्र किंचित घसरतं आणि तुम्हाला वाटतं फरशी हलली. तुम्ही तर लांबसाठी याआधी चष्माच घातलेला नाही, त्यामुळे वरच्या भागातला साधा +१.०० सुद्धा मेंदूला नवाच आहे.

हा हिशेब मेंदू पुन्हा बसवतो, पण त्याला त्यासाठी चष्मा डोळ्यांवर ठेवून मान हलवण्याचा अनुभव लागतो. दिवसभर खुर्चीत बसून फक्त वाचलं तर तो मिळत नाही. सकाळी नवा, दुपारी जुना, वाचायला पुन्हा चाळीशी असं केलं तर तर अजिबात मिळत नाही. ज्यांना तीन आठवड्यांनंतरही चक्कर येते त्यांच्यापैकी पुष्कळ जण विचारल्यावर कबूल करतात की जुना चष्मा अजून खिशात आहे. सकाळी उठल्याबरोबर नवा चष्मा घाला, पहिले काही दिवस घरातच हिंडाफिरा, बाजूला बघायचं असेल तेव्हा डोळे न फिरवता नाक त्या दिशेला वळवा. जिना उतरताना कठडा धरा आणि पायरीकडे बघायला मान पुरती वाकवा. नजर नुसती खाली टाकली तर तुम्ही पायरी वाचायच्या नंबरातून बघता. तो नंबर हातभर अंतरासाठी आहे, पायरी त्याच्या तिप्पट-चौपट लांब असते, म्हणून तिची कड पुसट होते आणि पाऊल चुकतं. चक्कर आहे तोवर गाडी चालवू नका.

किती दिवस हे चालतं याचं एकच उत्तर नाही. काहींचं दोन-तीन दिवसांत सुटतं, बहुतेकांचं दोन आठवड्यांत, थोड्यांना महिना लागतो. मी दिवस मोजण्यापेक्षा उतार आहे का ते विचारते. परवापेक्षा आज कमी आहे का? सकाळी असतं पण दुपारपर्यंत विसरायला होतं का? तसं असेल तर थांबायला हरकत नाही. पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच दहाव्या-बाराव्या दिवशी असेल तर थांबून काही हाती लागत नाही. आणि धूसरपणा ठरावीक मुद्रेत येतो-जातो असं असेल, म्हणजे हनुवटी वर किंवा खाली केल्यावर, चष्मा बोटाने उचलल्यावर, मान एका बाजूला वळवल्यावर नीट दिसत असेल, तर पहिल्याच दिवशीसुद्धा परत जायला हरकत नाही. मेंदू हलणाऱ्या चित्राशी जुळवून घेतो. डोळ्याच्या पडद्यावर धूसर पडलेलं अक्षर तो स्वच्छ करू शकत नाही. फार तर मान वाकडी ठेवायची सवय लावून घेतो, आणि मग माणूस मानदुखीची तक्रार घेऊन दुसऱ्याच दवाखान्यात जातो.

आता फिटिंग हाइट. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह लेन्सवर कारखान्यातून अधिक चिन्हासारखी एक खूण येते, तिला फिटिंग क्रॉस म्हणतात. तुम्ही सहज उभे राहून समोर दूरवर बघत असताना ही खूण बाहुलीच्या मधोमध यायला हवी. म्हणून चष्मा बनवायच्या आधी निवडलेली फ्रेम तोंडावर चढवून, तिच्यातल्या नकली काचेवर बाहुलीपुढे ठिपका काढतात आणि त्या ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. ती तुमची फिटिंग हाइट. लेन्स त्या आकड्यानुसार कापली जाते, आणि एकदा कापली की क्रॉस लेन्समध्ये वर-खाली सरकत नाही.

इथे एक मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. दोन मिलिमीटर बऱ्याच जणांना जाणवतो. तीन जवळपास सगळ्यांना.

तीन मिलिमीटर चुकणं किती सोपं आहे ते बघा. मापं घेणारा तुमच्यासमोर साधारण ५० सेंमीवर आहे आणि त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांपेक्षा फक्त ५ सेंमी वर आहेत, असं समजा. तो म्हणतो, "माझ्याकडे बघा." तुमची नजर थोडी वर जाते. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो लेन्सपासून सुमारे २७ मिमी मागे असतो, म्हणून नजरेची रेष लेन्सवर पावणेतीन मिलिमीटर वर सरकते. ठिपका तिथेच पडतो आणि क्रॉस तेवढा वर जातो. म्हणजे तुम्ही बसलेले आणि समोरचा उभा राहून, जरासा वाकून ठिपका काढतोय, इतकं पुरेसं आहे. तुमची मापं घेताना समोरचा बसला होता की उभा होता, आठवून बघा. मापं घेणाऱ्याने आपले डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीत आणायलाच हवेत, नाहीतर तुम्हाला उभं करून लांबच्या वस्तूकडे बघायला सांगायला हवं.

क्रॉस तीन मिलिमीटर वर गेला की काय होतं? सरळ समोर बघताना तुमची नजर क्रॉसच्या तीन मिलिमीटर खाली, म्हणजे कॉरिडॉरमध्ये शिरते. +२.०० अ‍ॅडच्या लेन्समध्ये तिथपर्यंत पाव ते अर्धा डायोप्टर जास्तीचा नंबर चढलेला असू शकतो. हे डिझाइनवर अवलंबून आहे, छोट्या कॉरिडॉरमध्ये जास्त. अर्धा डायोप्टर जास्तीचा म्हणजे दोन मीटरच्या पलीकडचं सगळं थोडं थोडं विरघळू लागतं. टीव्ही साधारण त्याच्या पलीकडेच असतो. शिवाय नजर रुंद वरच्या भागाऐवजी अरुंद पट्ट्यात असते, त्यामुळे बाजूचा सिलिंडर जवळ आलेला असतो आणि चालताना जमीन जास्त डोलते. हनुवटी खाली घेतली की नजर लेन्सच्या वरच्या भागातून जाते आणि अक्षरं उजळतात. तुमच्या दोन तक्रारी अशा एका मुळाशी जोडलेल्या असू शकतात: चक्कर सवयीची असेलही, पण क्रॉस वर असल्याने ती वाढलेली आहे.

उलट चूक, म्हणजे क्रॉस खाली गेला, तर लांबचं छान दिसतं. त्रास वाचताना होतो. वाचायचा नंबर इतका खाली राहतो की हनुवटी वर करून नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागतं, किंवा बोटाने चष्मा उचलून धरावा लागतो. ही चूक लोक जास्त दिवस सोसतात, कारण चक्कर कमी येते. संगणकासमोर दिवस काढणाऱ्याची मात्र मान संध्याकाळपर्यंत आखडते.

आता पडताळणी. चष्मा नाकावर नेहमीसारखा नीट बसवा, आरशात बघून तो एका बाजूला कललेला नाही ना ते बघा. मग सहा मीटर किंवा जास्त अंतरावरचं बारीक अक्षर निवडा, पाटी, गाडीचा नंबर, काहीही. डोकं सरळ ठेवून ते बघा. आता डोकं तसंच ठेवून चष्मा बोटांनी दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवा. अक्षर लगेच ठसठशीत झालं तर क्रॉस वर आहे. अगदी किंचित फरक पडला तर त्यावरून काही ठरवू नका, काही डिझाइनमध्ये क्रॉसवरच थोडासा नंबर चढलेला असतो. मग पुस्तक नेहमीच्या अंतरावर धरा आणि चष्मा दोन-तीन मिलिमीटर वर उचला. वाचन एकदम सोपं झालं तर क्रॉस खाली आहे. हे सगळं आधी दोन्ही डोळ्यांनी आणि मग एकेक डोळा तळहाताने झाकून करा, डोळा दाबू नका. एकेका डोळ्याने करणं महत्त्वाचं आहे, कारण चूक एकाच बाजूची असली तर दोन्ही डोळे उघडे असताना ती लपते. नुसता एक डोळा मिटला की बरं वाटतं, एवढंच कळतं.

चष्मा खाली सरकवूनही, हनुवटी खाली घेऊनही लांबचं तितकंच धूसर राहिलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा फिटिंगपेक्षा नंबराकडे बघावं लागेल, कारण क्रॉसच्या वरचा भाग जवळजवळ एकाच नंबराचा असतो. तुमच्या बाबतीत इथे एक खास शक्यता आहे. ज्यांनी लांबसाठी कधी प्लस नंबर घातलेला नाही, त्यांचे डोळे आजवर थोडा जोर लावून लांबचं बघत आलेले असतात. चष्मा मिळाला तरी तो जोर लगेच सुटत नाही, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत लांबचं सगळंच जरा पुसट दिसतं. हा पुसटपणा हळूहळू उतरतो आणि हनुवटी हलवून बदलत नाही. तुमचा बदलतोय, म्हणून माझा कल फिटिंगकडे आहे.

दरवाजाची चौकट तिरपी दिसणं, टेबल एका बाजूला उतरल्यासारखं वाटणं, तेही स्थिर उभं राहून, हे सिलिंडर किंवा त्याच्या अक्षाचा अंश बदलल्याने होतं. ते साध्या चष्म्यातही होतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून ते इथेच सोडते.

दुकानात काय व्हायला हवं हे एका उदाहरणाने सांगते. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, चष्मा दुसरीकडे केलेला. दोन्ही डोळ्यांना +१.५०, अ‍ॅड +२.२५. त्यांची तक्रार अशी की मागच्या बाकावरची मुलं ओळखू येत नाहीत, वर्गात फिरताना तोल गेल्यासारखं होतं आणि मान दुखते. ऑर्डरच्या कागदावर फिटिंग हाइट दोन्हीकडे २२ लिहिलेली. दोन्ही बाजूंना नेमका एकच आकडा असणं अशक्य नाही, पण तो दिसला की मी थांबते. एक बाजू मोजून दुसरीकडे तोच आकडा उतरवायची सवय काही ठिकाणी असते.

आधी लेन्सवरच्या कोरीव खुणा शोधल्या. दुकानातून चष्मा मिळताना शाईच्या खुणा पुसलेल्या असतात, पण प्रत्येक लेन्समध्ये अगदी बारीक कोरलेल्या दोन खुणा कायम राहतात, बहुधा छोटी वर्तुळं, एकमेकींपासून ३४ मिमीवर. कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा असतो. लेन्सवर हलकीशी वाफ सोडून ती उजेडासमोर तिरकी धरली की तुम्हालाही त्या दिसतील. या खुणांवरून, कंपनीच्या तक्त्यावर चष्मा ठेवून, क्रॉस पुन्हा शाईने काढता येतो. तो काढून चष्मा बाईंच्या डोळ्यांवर चढवला, मी त्यांच्या समोर त्यांच्याच पातळीत बसले आणि त्यांना माझ्या मागच्या भिंतीवरच्या दूरच्या तक्त्याकडे बघायला सांगितलं. उजवा क्रॉस बाहुलीच्या मध्यापासून ३ मिमी वर होता, डावा १ मिमी वर.

दोन्हीकडे सारखी हाइट असूनही फरक का? कारण फ्रेमच तोंडावर वाकडी बसली होती, उजवी बाजू वर. फ्रेम आधी चेहऱ्यावर सरळ करायची आणि मगच ठिपके काढायचे, हा क्रम बहुधा पाळला गेला नव्हता. अशा वेळी उजवा डोळा सरळ बघतानाही कॉरिडॉरमध्ये अडकलेला असतो आणि डावा जवळजवळ मोकळा, म्हणजे एकाच क्षणी दोन डोळ्यांना दोन वेगळे नंबर मिळतात. डोकं खाली-वर करताना ही तफावत बदलत राहते. त्यांना तोल गेल्यासारखं का वाटत होतं, ते यावरून लक्षात येईल.

लेन्स न बदलता जे करता येतं ते आधी केलं. उजवी दांडी बिजागरीपाशी किंचित वरच्या दिशेने वळवली, त्याने त्या बाजूची फ्रेम खाली उतरते. फ्रेम सरळ झाली तेव्हा दोन्ही क्रॉस २ मिमी वर होते, म्हणजे खरी हाइट २० च्या आसपास होती. मग धातूच्या फ्रेमचे नोज पॅड थोडे पसरवले. पॅड पसरले की चष्मा नाकावर खाली उतरतो, जवळ आणले की वर चढतो. असं करून दोन्ही क्रॉस बाहुलीच्या मध्यापासून साधारण अर्धा मिलिमीटर वर आले. बाईंनी सरळ समोर बघितलं आणि तक्त्यावरची खालची ओळ हनुवटी न हलवता वाचली. नंतर दांड्या कानामागे नीट वळवून घेतल्या, नाहीतर चष्मा घामाने घसरला की हेच माप उलट्या बाजूला चुकतं. चालताना जमीन थोडी हलणं मात्र त्या दिवशी राहिलंच होतं. ते पुढच्या काही दिवसांत हळूहळू गेलं.

पॅडने हे काम दीड-दोन मिलिमीटरपर्यंत होतं, त्याहून जास्त नाही. तुमची फ्रेम पूर्ण प्लॅस्टिकची, नाकाचा भाग साच्यातच घडवलेला अशी असेल तर तेवढंही फारसं होत नाही. मग लेन्स नव्याने करणं हाच मार्ग उरतो. आणखी एक गोष्ट दुकानात कळेल: पुष्कळ आधुनिक लेन्सवर मशिनने मोजलेला नंबर कागदावरच्या नंबरापेक्षा किंचित वेगळा येतो, कारण कंपनी तो तुमच्या फ्रेमच्या कलाप्रमाणे जुळवून बनवते. लेन्सच्या पाकिटावर तो जुळवलेला आकडा छापलेला असतो. मशिनचा आकडा त्याच्याशी ताडून बघा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी नव्हे. त्या फरकावरून विनाकारण वाद झालेले मी पाहिले आहेत.

चष्म्याशी संबंध नसलेली चक्करही असते, आणि नवा चष्मा हाती असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होतं. चष्मा काढून डोळे मिटल्यावरही खोली फिरत असेल, अंथरुणात कूस बदलताना गरगरत असेल, तर चष्म्याच्या दुकानात जाऊन उपयोग नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एकाएकी एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, अचानक खूप डोकं दुखायला लागलं, बोलणं अडखळलं किंवा हातापायाची एक बाजू जड वाटली तर लगेच रुग्णालय गाठा. डोळ्यासमोर चमक, काळ्या ठिपक्यांचे लोंढे किंवा पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

तर दुकानात गेल्यावर "चक्कर येते" एवढंच सांगू नका, त्याला "सवय होईल" हे उत्तर तयारच असतं. म्हणा, "सरळ बघितलं की लांबचं धूसर दिसतं, चष्मा दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवला की स्पष्ट होतं. कोरीव खुणांवरून क्रॉस काढून माझ्या बाहुलीशी कुठे येतो ते दाखवा." हे ऐकल्यावर जाणकार माणूस लगेच मार्कर उचलतो. क्रॉस बाहुलीवर बरोबर बसत असेल तर माझा अंदाज चुकला, आणि मग नंबर पुन्हा तपासून घ्या. क्रॉस वर असेल तर आधी फ्रेम जुळवून बघू द्या. तेवढ्याने भागलं तर त्या दिवसापासून दोन आठवडे नव्याने मोजा, कारण मेंदूसाठी हा पुन्हा थोडा वेगळा चष्मा आहे.

भागलं नाही तर लेन्स बदलून मागा. जुळवून घेता न आलेल्या प्रोग्रेसिव्ह लेन्स ठरावीक मुदतीत बदलून देण्याची सोय बऱ्याच कंपन्या ठेवतात, मुदत कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून ती आजच विचारून घ्या. महिनाभर थांबण्याचा सल्ला मला खटकतो तो यासाठीही. लेन्सचं पाकीट आणि ऑर्डरचा कागद जपून ठेवा. नवी लेन्स करताना जुनी हाइट कागदावरून उतरवून त्यातून तीन वजा करू देऊ नका. फ्रेम आधी तोंडावर सरळ बसवायची, पॅड आणि दांड्या कायमच्या जुळवायच्या, मग तुम्ही उभे राहून लांब बघत असताना दोन्ही डोळ्यांचे ठिपके वेगवेगळे काढायचे, आणि ठिपका बाहुलीच्या मध्यावर आहे ना हे तुम्ही दोन पावलं चालून पुन्हा उभे राहिल्यावर परत बघायचं. चालल्यावर माणूस डोकं त्याच्या नेहमीच्या पद्धतीने धरतो, खुर्चीत ताठ बसून धरतो तसं नाही.